कोणतंही झाकण, कोणताही डबा

माझ्याकडं एक कानस हाय. अर्धगोल, मुठीला सुतळी गुंडाळलेली. अंबडच्या कारखान्यात मी तिच्यावर अठरा वर्सं काढली. लोक म्हणायचे, बाईच्या हाताखालून गेलं का बसतंच. मला ते ऐकायला लय गोड वाटायचं. त्या गोडीपायी एकदा सगळ्या कारखान्याचं वाटोळं व्हायची वेळ आली होती, ते सांगते.

आमचं गाव देवळ्याकडं. माझा नवरा विहिरीचं काम करायचा. एका उन्हाळ्यात दरड आली आन् तो खालीच राहिला. पोरगी तवा तीन वर्सांची. मी चौथी शिकलेली, त्यातलं आकडे तेवढे डोक्यात राहिले. दीर म्हणला, इथंच राहा, दोन टायमाचं खा. मला त्याच्या बोलण्यात पुढचं काय काय ऐकू आलं. मी पोरीला काखेत घेतली आन् नाशिकची गाडी धरली. नव्वदच्या पुढची गोष्ट हाय ही.

अंबडला एका शेठचं प्लॅस्टिकचं वर्कशॉप होतं. साच्यातून गरम माल बाहेर पडायचा, त्याच्या कडंला पातळ पापुद्रा राहायचा. त्याला बर म्हणायचे. ब्लेडनं बर काढायची, कानशीनं कड मारायची, हे बायकांचं काम. सुरवातीला माझ्या तोंडी ‘हाय’च्या जागी ‘शे’ यायचं, आमच्याकडं तसंच बोलतात. बाकीच्या बाया हसायच्या. ‘काय शे गं?’ म्हणून चिडवायच्या. मी मान खाली घालून कानस मारायची. बोटं कापली, कापलेल्या बोटाला फडकं बांधून मारली. दोनेक वर्सांत चिडवणाऱ्याच माल घेऊन माझ्याकडं यायला लागल्या, “हे काय बसंना, तू बघ बरं.”

साचा जुना झाला का माल जाड-बारीक निघायचा. झाकण बसंना का शेठ ते माझ्यापुढं टाकायचा. मी डबा हातात घ्यायची, झाकण लावून बघायची, कुठं अडतंय ते अंगठ्याला कळायचं. तिथं दोन हात कानस. परत लावायची. बसलं का त्याच डब्यावर तेच झाकण ठेवून द्यायची. जोडी लावून. ही माझी पद्धत. कोणी शिकवली नव्हती, आन् कोणी चूक बी म्हणलं नव्हतं.

दोन हजार सालाच्या पुढं शेठच्या मनात काय आलं, त्यानं एक नवीनच मशीन आणलं. कपाटाएवढं, पुढं काचेचा दरवाजा, आत भट्टीसारखं गरम. त्याला साचा लागत नाय. प्लॅस्टिकची दोरी रिळावरून आत जाते, वितळते, आन् एक टोक भरभर फिरून तिचा थर अंथरतं. थरावर थर. एक थर पाव मिलिमीटरचा. सकाळपस्तोर डबा उभा. मी पहिल्यांदा बघितलं तवा म्हणलं, ही तर कुडाच्या भिंतीसारखी लिंपण करते. जिथं खाली आधार नसतो तिथं दुसऱ्या रंगाच्या प्लॅस्टिकचा टेकू बांधते, आन् तो टेकू मागून माणसानं तोडून काढायचा. ते माणूस म्हणजे मी.

मशीनीबरोबर एक पोरगी आली. इंजिनिअर. इंदिरानगरहून स्कूटीवर यायची. कॉम्प्युटरवर चित्र काढायची आन् मशीनीला सांगायची. मला पहिल्या दिवशीच म्हणाली, “मावशी, मला मॅडम म्हणू नका हं, मी तुमच्या मुलीएवढी आहे.”

मी म्हणलं, “माझी पोरगी माझं ऐकत नाय, तू ऐकशील का?”

“तुमची मुलगी काय करते?”

“नर्सिंग करते. शेवटचं वर्स हाय.”

तेवढं एक वर्स मला काढायचं होतं. पोरीच्या हातात कागद पडेपर्यंत माझं काम टिकायला पाहिजे, बाकी काय मागणं नव्हतं. साच्याचं काम कमी होत चाललं होतं. बर काढणाऱ्या बाया एकेक करून घरी गेल्या होत्या. मी राहिले ती या मशीनीपायी. टेकू काढायला कोणीतरी पाहिजे म्हणून.

मंग ती ऑर्डर आली. एक साहेब द्राक्षाच्या कंटेनरमधी ठेवायचं यंत्र बनवायचा. आतली थंडी किती, ते टिपून ठेवणारं. माल बोटीनं परदेशी जातो, वाटंत थंडी गेली का द्राक्षं गेली. त्या यंत्राला डबा पाहिजे होता. झाकणाला स्क्रू नको, दाबलं का टक्क करून बसलं पाहिजे, नखानं उचकटलं का निघालं पाहिजे. ऐंशी डबे. एवढ्याशा मालाला साचा करायला परवडत नाय, म्हणून मशीनीवर काढायचे ठरले.

पोरीनं चित्र काढलं. झाकणाच्या आतून एक पातळ कड खाली उतरते, ती डब्याच्या तोंडात जाते. कडंला चार आकडे. डब्याच्या भिंतीत आतून चार खाचा. आकडे वाकून आत जातात आन् खाचेत अडकतात, त्याचा तो टक्क आवाज.

पहिला डबा निघाला. मी सकाळी आठला यायची, पोरगी दहाला. माझी रीत अशी का ती यायच्या आधी माल मशीनीतून काढून, टेकू तोडून, साफ करून तिच्या टेबलावर ठेवायचा. त्या दिवशी मी टेकू काढला, झाकण लावलं. जाईना. जरासं नाय, अजिबात जाईना. मी काय केलं? कानस घेतली. झाकणाची कड घासली, डब्याच्या तोंडात एका बाजूला मशीनीचा थर जिथं सुरू होतो तिथं उभी गाठींची रेघ येते, ती घासली. आकडे जरा जास्तीच वर होते, त्यांना बी एकेक हात मारला. अंगठ्यानं दाबलं. टक्क.

दहा वाजता पोरीनं दाबून बघितलं आन् उडीच मारली. “पहिल्याच फटक्यात! मावशी, ऐका ऐका, आवाज ऐका!”

शेठ आला, त्यानं चारदा उघडझाक केली. साहेबाला बोलावलं. साहेब खूश. शेठ त्याला म्हणला, “आमचं मशीनच तसं हाय.”

मी पदर खोचून कोपऱ्यात उभी. बोलले नाय. कशाला बोलू? माल बसवून देणं हेच तर माझं काम. स्वैपाक करणारी बाई मीठ किती टाकलं ते सांगत बसते का?

पुढचे तीन आठवडे मशीन चालू. रोज सकाळी डबे निघायचे, मी रोज घासायची. कधी झाकण घासायची, कधी डबा, जिथं अडंल तिथं. जोडी लागली का झाकण लावूनच ठेवायची. ऐंशी डबे, ऐंशी झाकणं, सगळी टक्क वाजणारी. खोक्यात भरून गेली.

पाचव्या दिवशी साहेब ती खोकी घेऊन परत आला. टेबलावर दोन ट्रे उपडे केले. एकात डबे, एकात झाकणं.

“हे काय दिलंय तुम्ही?” शेठला म्हणला. “माझ्याकडच्या कामाच्या पोरींनी सगळी झाकणं काढून एका ट्रेत ठेवली, डब्यांत सर्किट बसवलं आणि झाकणं लावायला घेतली. एक बसत नाही! हे बघा, हे आत जात नाही. हे गेलं तर हलवलं की पडतं. आणि हे बघा, सहा झाकणांचे आकडे मोडले.”

शेठनं दोनचार लावून बघितली. त्याचं तोंड उतरलं.

“बोटीची तारीख ठरलेली आहे,” साहेब म्हणला. “तीन आठवडे देतो. कुठलंही झाकण उचलीन, कुठल्याही डब्यावर लावीन, बसलं पाहिजे. नाहीतर मी पुण्याहून करून घेतो.”

तो गेल्यावर शेठ पोरीवर घसरला. तिनं बारीक माप घ्यायचं व्हर्निअर काढलं आन् एकेक झाकण मोजायला बसली. मापं कागदावर लिहीत गेली आन् तिचा चेहरा पांढरा पडत गेला. एक झाकण एवढं, दुसरं तेवढं, एकाच झाकणाची एक बाजू जास्ती, एक कमी.

“सर, मशीन दर वेळी वेगळंच माप देतंय. काहीच नेम नाही. मला वाटतं मशीनमध्येच दोष आहे.”

“मशीनमधी दोष,” शेठ म्हणला, “का मशीन चालवणारीत? मी उद्या त्या कंपनीला कळवतो, घेऊन जा म्हणतो हे धूड परत. आन् तू बी बघ दुसरीकडं.”

पोरगी व्हर्निअर डबीत ठेवायला लागली, ते नीट बसंना तिच्या हातून.

मी ट्रेशेजारी उभी होते. झाकणाची कड बघितली. त्यावर माझ्या कानशीचे वळ होते. मलाच दिसत होते, कारण मला कुठं बघायचं ते ठाऊक होतं. मनात दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. बोलले नाय तर मशीन जाणार, आन् मशीनीबरोबर मी बी. बोलले तर शेठ म्हणणार, हिनंच घाण केली, हिला काढा. आन् समजा त्यातूनबी निभावलं, माप बरोबर झालं, तर मंग घासायचंच काय राहिलं? तिन्हीकडून माझं काम जात होतं. मंग खरं बोलूनच जाऊ दे.

“शेठ,” म्हणलं, “हे मशीनीनं नाय केलं. मी केलं.”

“तू काय केलंस?”

“घासलं. ऐंशीच्या ऐंशी. मशीनीतून निघालेलं एक बी झाकण बसत नव्हतं. पहिलं बी नाय.”

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. “पहिलंसुद्धा? मावशी, मला सांगायचं तरी!”

“सांगायचं काय? बसत नाय ते बसवायचं, हेच करत आले मी.”

“बाई,” शेठ म्हणला, “तू माझं नाक कापलंस.”

“कापलं असंल. पण मशीन परत पाठवायच्या आधी एक काम करा. आज जे निघंल त्याला मी कानस लावत नाय. जसं निघंल तसं हिला मोजू द्या.”

शेठ पाय आपटत आत गेला. नाय म्हणला नाय, एवढंच धरलं.

त्या दिवशी मशीनीवर तीन डबे, तीन झाकणं टाकली. दुसऱ्या दिवशी मी फक्त टेकू काढला. हात शिवशिवत होते. पोरगी आठलाच येऊन बसली होती. तिनं मोजलं, परत मोजलं, आन् खुर्चीवरून उठून माझ्या दंडाला धरलं.

“मावशी, तिन्ही डबे सारखे! तिन्ही झाकणं सारखी!”

“मंग बसत का नाय?”

तिनं कागदावर काढून दाखवलं. डब्याचं तोंड चित्रात साठ मिलिमीटर. मशीन काढतं एकोणसाठ पॉइंट आठ. झाकणाची कड चित्रात एकोणसाठ पॉइंट नऊ, मशीन काढतं साठाला जरा वरच. म्हणजे भोक आक्रसतं आन् कड फुगते. तिनं दोघांत फट ठेवली होती ती एका बाजूला पॉइंट शून्य पाच, आन् मशीन त्याच्या तिप्पट खाऊन टाकत होतं.

“कॉलेजात लोखंडाच्या मापावर शिकवलं, तीच फट मी इथं ठेवली,” ती म्हणाली. “हे मशीन चुकतं, पण रोज सारखंच चुकतं. सारखं चुकतं म्हटल्यावर चित्रातच तेवढं सोडता येईल.”

हे मला पटलं. आमच्या गावची एसटी रोज अर्धा तास उशिरा यायची, तर आम्ही अर्धा तास उशिरा निघायचो. उशिराचं दुख नव्हतं, नेम पाहिजे.

पण सोडायचं किती, ते तिला बी ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं पूर्ण डबा न काढता डब्याच्या तोंडाचा तुकडा काढला आन् झाकणाच्या कडंचे पाच तुकडे. एका बाजूची फट पहिल्यात पॉइंट एक, मंग दोन, तीन, चार, पाच. प्रत्येकावर नंबर उठवलेला.

“आता व्हर्निअर नाही, तुमचा अंगठा,” म्हणाली. “घासायचं नाही. फक्त सांगायचं.”

एक नंबर तोंडातच अडला. दोन नंबर बळ लावल्यावर गेला, मंग निघंना, स्क्रूड्रायव्हर घालावा लागला. तीन नंबर अंगठ्याखाली सरकला आन् बसला. चार नंबर बसला पण कानाशी हलवला तर खुळखुळ वाजला. पाच नंबर उलटा धरला आन् पडला.

“तीन,” मी म्हणलं. “पण आवाज मेलाय.”

“म्हणजे?”

“पहिल्या डब्याला टक्क होतं. हे टिक वाजतंय. नख न लावता नुसतं ओढलं तरी निघतंय.”

तिनं ओढून बघितलं. निघालं. डोक्याला हात लावला. “आकडे! फट वाढवली म्हणजे आकडे खाचेपासून तेवढेच मागे गेले. आकडा पॉइंट सहा बाहेर आहे, त्यातला पॉइंट तीन फटीतच गेला. उरला अर्धा.” तिनं चित्रात आकडे तेवढे पुढं काढले. दुसऱ्या दिवशी परत टक्क आला.

मंग मोडणाऱ्या आकड्यांचं निघालं. मोडलेली झाकणं मी घरी नेली होती, चुलीपुढं बसून बघायची. सगळे आकडे बुडातूनच मोडलेले, अगदी सपाट, पातीच्या कांद्याचा पापुद्रा सुटावा तसे. झाकण पालथं ठेवून काढलं का आकडा उभा वाढतो, थरावर थर. आडवा दाबला का थराथराच्या मधूनच सुटतो. मी पोरीला म्हणलं, “याला आडवं घाल. थर आकड्याच्या लांबीनं गेले पाहिजेत. फाटीचं लाकूड रेषेतून फुटतं, रेषेच्या आडवं फुटत नाय.”

“आकडा आडवा घालायचा म्हणजे झाकण कडेवर उभं करायला लागेल,” ती म्हणाली. “करूया.”

केलं. आकडे वाकले, मोडले नाय. पन्नासदा उघडझाक केली मी, मोजून. पण झाकण परत घट्ट! पोरीच्या डोळ्यात पाणीच आलं. बाराच दिवस राहिले होते. माझा हात कानशीकडं गेला. खरं सांगते, गेला. तिनं बघितलं.

“मावशी.”

“नाय घासत,” म्हणलं. आन् कानस उचलून खिडकीच्या बाहेर पत्र्यावर ठेवली. “मोज.”

तिनं मोजलं. झोपवून काढलेल्या तुकड्याचं माप आन् उभं करून काढलेल्याचं माप वेगळं येत होतं. चूक आमचीच. तुकडे झोपवून तपासले आन् माल उभा काढला. परत तुकडे काढले, आता झाकणाचे उभे करून. ह्या वेळी माझ्या अंगठ्यानं साडेतीन सांगितलं. तीन आन् चारच्या मधला तुकडा तिनं माझ्या सांगण्यावरून काढला होता. आकडे परत तेवढेच पुढं घेतले.

नुसती झाकणं नवी काढून भागत नव्हतं, कारण डबे बी मी घासलेले. सगळंच परत. वेळ नव्हता, म्हणून साहेबाला शेठनं हात जोडून सांगितलं, निम्मे आत्ता घ्या, निम्मे पुढच्या बोटीला. तो चाळीसवर कबूल झाला, पण म्हणला, मी स्वतः येऊन तपासणार.

तो आला त्या दिवशी मी झाकणं सगळी एका पाटीत ओतली. हातानं कालवली, ज्वारीत राख कालवतात तशी. डबे टेबलावर मांडले. खरं म्हणलं तर मला भीती वाटत होती. अठरा वर्सांत माझ्या हातून बसल्याशिवाय एक झाकण त्या दारातून बाहेर गेलं नव्हतं, आन् ही चाळीस मी लावून बघितली सुद्धा नव्हती. पोरीनं सांगितलं होतं, लावायची नाय, त्यालाच लावू दे.

साहेबानं पाटीत हात घातला. टक्क. दुसरं. टक्क. तिसरं त्यानं उलटं धरून हापटलं. बसलेलंच. शेठ दर वेळी मान हलवायचा, जणू तोच दाबतोय. विसाव्या झाकणाला साहेब थांबला.

“आता हे कुणी घासलं?” त्यानं विचारलं. शेठनं त्याला सगळं सांगितलं होतं वाटतं.

“कोणी नाय,” मी म्हणलं. “कड बघा. वळ नाय.”

त्यानं बोट फिरवलं. थरांची बारीक रेघ तेवढी लागली असंल. उरलेली बी त्यानं लावली, सगळीच्या सगळी. मंग चहा सांगा म्हणला.

तो गेल्यावर शेठनं मला आत बोलावलं. मी पदराला हात पुसून गेले. त्यानं मशीनीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“बाई, आता घासायचं काम राहिलं नाय.”

“नाय राहिलं.”

“मंग तुला काय काम देऊ?”

मी बोलायच्या आत पोरगी दारातून म्हणाली, “सर, झाकण उभं काढतो ना आता? पूर्वीपेक्षा दुप्पट टेकू लागतोय. आतल्या बाजूनं आकड्यांच्या भोवती भरलेला असतो. तो आकडा न मोडता काढणारं माणूस आणा बरं दुसरं. मी सहा तोडले काल.”

“सहा नाय,” मी म्हणलं, “नऊ. तीन तू पर्समधी लपवलेस.”

शेठला हसू आलं, त्यानं ते मिशीत दाबलं. “जा, टेकू काढायचा चिमटा उचल,” म्हणला.

माझ्या पोरीचं नर्सिंगचं वर्स पुरं झालं. पांढरा ड्रेस घालून ती पहिल्यांदा कामाला गेली त्या दिवशी मी बी कामावरच होते, आकड्यांमागचा टेकू काढत. नवीन माल निघाला का पहिला तुकडा माझ्याकडं यायचा. मी लावून बघायची आन् कुठं अडतंय ते सांगायची. सांगायचीच फक्त. मंग चित्र बदलायचं.

कानस पत्र्यावरून मी दुसऱ्याच दिवशी आणली होती. दव पडून जरा गंजली होती. आता घरी विळीला धार लावायला होते.